निवड समितीसाठी पदोन्नतीची टिपणी: उमेदवारांची तुलना कशी मांडावी

पदोन्नतीच्या टिपणीबद्दल नेहमी दिला जाणारा सल्ला असा की प्रत्येक उमेदवारावर एकेक परिच्छेद लिहावा, त्याच्या जमेच्या बाजू आणि उणिवा सांगाव्यात आणि शेवटी एक नाव सुचवावे. हा सल्ला वाईट आहे. अशा टिपणीत तीन माणसांची तीन वर्णने मिळतात, त्यांची तुलना कुठेच होत नाही. समितीतला एखादा सदस्य "क्र. ३ ला का डावलले?" असे विचारतो तेव्हा टिपणी लिहिणाऱ्याला पुन्हा फाइल चाळावी लागते. वगळलेला उमेदवार न्यायालयात गेला, तर ती फाइल वकील चाळतो.

निमशासकीय महामंडळात वरिष्ठ भांडारपालातून भांडार अधीक्षक नेमायचा आहे, पद एक आणि उमेदवार तीन, असा एक नमुना इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरला आहे. आकडे नमुन्यासाठी घेतले आहेत, पण अडचणी अशा प्रत्येक फाइलमध्ये येतात. ज्येष्ठता यादी अंतिम आहे, बिंदुनामावली तपासलेली आहे, सेवापुस्तके आणि कार्यमूल्यमापन अहवाल हाताशी आहेत, असे धरून चालू.

आधी तत्त्व कोणते ते वाचा

सेवाविनियमात पदोन्नतीचे तत्त्व लिहिलेले असते. 'ज्येष्ठता-नि-गुणवत्ता' आणि 'गुणवत्ता-नि-ज्येष्ठता' हे शब्द उलटसुलट केल्यासारखे वाटतात, पण त्यांतून नावच बदलते. ग्रामीण बँकांमधील बढत्यांच्या प्रकरणात (बी. व्ही. शिवय्या विरुद्ध के. अड्डंकी बाबू, १९९८) सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट सांगितला. ज्येष्ठता-नि-गुणवत्ता म्हणजे कामाला लागणारी किमान गुणवत्ता आधी ठरवायची. ती ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यातला ज्येष्ठ पुढे जातो, कनिष्ठाला जास्त गुण असले तरीही. किमान रेषा ओलांडल्यावर आपसातली तुलना करायचीच नाही. गुणवत्ता-नि-ज्येष्ठता असेल, तर गुण आधी पाहायचे आणि ज्येष्ठता बरोबरी झाल्यावर.

टिपणीच्या पहिल्या परिच्छेदात विनियमाचा क्रमांक आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवा. स्वतःच्या शब्दांत सांगू नका. 'ज्येष्ठता विचारात घेऊन योग्यतेनुसार' असे काही लिहिलेत, की दोन्ही तत्त्वांची खिचडी होते आणि समिती आपल्याला हवा तो अर्थ घेते.

आपल्या नमुन्यात तत्त्व गुणवत्ता-नि-ज्येष्ठता आहे. निकष तीन: मागील पाच वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल ५० गुण म्हणजे वर्षाला १०, साठा व हिशेबाचे काम ३० गुण, विभागीय परीक्षेतील टक्केवारी २० गुण. किमान पात्रता ६० गुण.

मोजपट्टी आकडे बघण्याआधी ठरवा

निकषाचे नाव विनियमात असते, मोजपट्टी बहुधा नसते. 'साठा व हिशेबाचे काम, ३० गुण' एवढेच लिहिलेले असते. त्याचे भाग पाडून प्रत्येक भागाला किती गुण, कशाला किती, हे एका कागदावर लिहा आणि समितीच्या अध्यक्षांची मान्यता तारखेसह घ्या. उमेदवारांची माहिती मागवण्याचे पत्र त्यानंतरच काढा. तारखांचा हा क्रम फाइलवर दिसला पाहिजे. निकष मध्येच बदलता येत नाहीत, हे भरतीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सांगितले आहे. आकडे हाती आल्यावर बनवलेली मोजपट्टी कितीही प्रामाणिक असली, तरी ती कोणासाठी बनवली असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसते.

नमुन्यात ३० गुणांचे तीन भाग केले: वार्षिक साठा पडताळणीतील तफावत १०, लेखापरीक्षण आक्षेपांची पूर्तता १०, निरुपयोगी मालाच्या निर्लेखनाचे प्रस्ताव वेळेत पाठवणे १०. तफावतीसाठी दर हजार बाबींमागे ५ पर्यंत तफावतींना १० गुण, ५ च्या वर ८ पर्यंत ८ गुण, ८ च्या वर ११ पर्यंत ६ गुण आणि त्यापुढे ४.

तुलना: इथेच टिपणी तरते किंवा बुडते

तक्ता आडवा वाचता येईल असा करा. डावीकडे निकष, पुढे तिन्ही उमेदवार शेजारी शेजारी. लिहितानाही निकषानुसारच लिहा: पहिल्या निकषावर तिघे, मग दुसऱ्यावर तिघे. माणसानुसार लिहायला बसलात, की पहिल्या उमेदवारासाठी कडक असलेला हात तिसऱ्यापर्यंत सैल होतो, किंवा उलटे होते, आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. निकषानुसार लिहिताना हीच घसरण लगेच दिसते, कारण तिन्ही आकडे एका ओळीत असतात.

साठा पडताळणीचा आकडा घ्या. क्र. १ च्या ताब्यातल्या भांडारात ३१ तफावती निघाल्या, क्र. २ कडे ९ आणि क्र. ३ कडे १४. नुसते हे लिहिले, तर क्र. २ सर्वांत चोख आणि क्र. १ सर्वांत ढिसाळ ठरतो. पण क्र. १ कडे ४,८०० बाबींचे मध्यवर्ती भांडार आहे, क्र. २ कडे ९०० बाबींचे छोटे आणि क्र. ३ कडे २,१०० बाबींचे. हजार बाबींमागे मोजले, की क्र. १ ची तफावत ६.५, क्र. २ ची १० आणि क्र. ३ ची ६.७ होते. क्रम पार उलटला. मोजपट्टीनुसार गुण अनुक्रमे ८, ६ आणि ८. टिपणीत मूळ आकडा, एकूण बाबी आणि प्रमाण हे तिन्ही द्या. फक्त प्रमाण दिलेत, तर सदस्याला ते तपासता येत नाही. फक्त मूळ आकडा दिलात, तर त्याची दिशाभूल होते.

दुसरी अडचण संधीची. क्र. २ पाचांपैकी दोन वर्षे मुख्य कार्यालयाच्या खरेदी शाखेत होता, त्याच्या ताब्यात भांडारच नव्हते. त्या दोन वर्षांना शून्य देणे अन्याय आहे आणि खरेदीतल्या कामाचे गुण साठ्याच्या रकान्यात घालणे म्हणजे निकष बदलणे आहे. ताब्याची तीन वर्षे धरून मोजा आणि रकान्यातच लिहा: 'ताबा ३ वर्षे, उर्वरित काळ खरेदी शाखा'. संधी नव्हती आणि काम केले नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा रकाना कधीही ठेवू नका. रिकाम्या रकान्यात प्रत्येक सदस्य आपल्या मनातली गोष्ट भरतो.

तिसरी अडचण नसलेल्या अहवालाची. क्र. ३ चा एका वर्षाचा अहवाल लिहिलाच गेला नाही, कारण त्या वर्षी प्रतिवेदन अधिकारी सारखे बदलत गेले आणि कोणीही त्याचे काम सलग तीन महिने पाहिले नाही. त्यात त्याचा दोष नाही. ते वर्ष शून्य धरले तर त्याची सरासरी ६.५ वर येते आणि त्याचे ७.५ गुण जातात. चारच वर्षांची सरासरी घेतली, तर ती ८.१ होते आणि बाकीच्या दोघांना पाच वर्षे, त्याला चार, असा भेद होतो. केंद्र शासनाच्या विभागीय पदोन्नती समित्यांसाठीच्या १९८९ च्या सूचनांत यावर साधा मार्ग आहे: कालावधीच्या आधीच्या वर्षाचा अहवाल घ्यायचा. आपल्या विनियमात वेगळे काही नसेल, तर हाच मार्ग घ्या आणि कारणासह नोंदवा. आधीच्या वर्षी त्याला ७.५ आहेत, त्यामुळे सरासरी ८ येते.

आता सर्वांत अवघड जागा: अहवालांमधले गुण. क्र. १ ची सरासरी ७.२, क्र. २ ची ८.८, क्र. ३ ची ८. वरवर पाहता क्र. २ खूप पुढे आहे. पण त्याच्या प्रतिवेदन अधिकाऱ्याने हाताखालच्या सहाही कर्मचाऱ्यांना ८.५ ते ९ च दिले आहेत आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्याने दरवर्षी फक्त 'सहमत' लिहिले आहे. क्र. १ चा अधिकारी कडक, तो ७.५ च्या वर कोणालाच जात नाही. इथे दोन मोह होतात. पहिला मोह गप्प बसण्याचा: अहवालात आहे ते उतरवले, माझे काम झाले. दुसरा मोह स्वतःच गुण सरळ करण्याचा: कडक अधिकाऱ्याच्या माणसाला अर्धा गुण वाढवू, सढळाच्या माणसाचा कापू. दोन्ही चूक. अहवालातला गुण बदलण्याचा अधिकार टिपणी लिहिणाऱ्याला नाही, तसा अधिकार घेतलात तर पूर्ण तक्ता संशयात जातो.

करायचे ते असे. अहवालातला गुण जसाच्या तसा तक्त्यात घाला. खाली वेगळ्या परिच्छेदात वस्तुस्थिती लिहा: त्या अधिकाऱ्याने त्या वर्षी किती जणांना किती ते किती दिले, पुनर्विलोकनात काय शेरा आहे, आणि अहवालाच्या वर्णनात्मक भागात कामाचा कोणता ठोस उल्लेख आहे. १९८९ च्या त्याच सूचनांनुसार समितीने केवळ एकूण प्रतवारीवर विसंबायचे नसते, अहवालातल्या नोंदी वाचून स्वतःचे मूल्यांकन करायचे असते. म्हणजे निर्णय समितीचा, पण त्यासाठी लागणारी माहिती तुम्ही द्यायची. इतर कर्मचाऱ्यांची नावे मात्र लिहू नका. 'सहा कर्मचारी, ८.५ ते ९' एवढे पुरे.

याच ठिकाणी आणखी एक तपासणी चुकवू नका: प्रत्येक अहवाल संबंधिताला कळवला होता का? देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या प्रकरणात पदोन्नतीसाठी 'अत्युत्तम' प्रतवारी लागत होती आणि एका वर्षाची नोंद 'चांगला' होती. 'चांगला' ही काही प्रतिकूल नोंद नाही, म्हणून ती कळवली नव्हती. पण तिच्यामुळे संधी गेली. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी सेवेत प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे, आणि सुखदेव सिंग प्रकरणात २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अहवालाच्या प्रतीवर पोच आणि तारीख नसेल, तर टिपणी पुढे नेऊ नका. आधी प्रत द्या, म्हणणे मांडायची मुदत जाऊ द्या, मगच समिती बोलवा. बैठक पंधरा दिवस लांबेल, लांबू द्या.

शब्द

रकान्यापुढे एक-दोन वाक्यांचे स्पष्टीकरण लागते. तिथे विशेषणे नकोत. 'कष्टाळू, मनमिळाऊ व होतकरू', 'नेतृत्वगुण आहेत', 'कामाचा उरक चांगला' ही वाक्ये तिघांपैकी कोणालाही लावता येतात, म्हणून त्यांचा तुलनेला उपयोग शून्य. फरक बघा.

असे नको: 'उमेदवार क्र. १ यांचे भांडाराचे काम समाधानकारक असून त्यांना दीर्घ अनुभव आहे.'

असे हवे: 'उमेदवार क्र. १ यांच्या कालावधीत १२ लेखापरीक्षण आक्षेप निघाले, त्यांपैकी ११ ची पूर्तता झाली. उरलेला आक्षेप पुरवठादाराबरोबरच्या वादामुळे प्रलंबित आहे. परिशिष्ट ३, पान ४.'

दुसऱ्या वाक्यात परिशिष्टाचे पान आहे, ते विसरू नका. पान नसलेले विधान टिपणीतून काढून टाका, मग ते खरे असले तरी. आणि काही गोष्टी टिपणीत येताच कामा नयेत: प्रसूती रजा किंवा आजारपणाची रजा, घरची परिस्थिती, बदलीला होकार-नकार, संघटनेतले पद. त्या निकषात नाहीत. 'केवळ माहितीसाठी' म्हणून लिहिल्या, तरी त्या निर्णयात शिरतातच.

चौकशी सुरू असलेला उमेदवार असेल, तर त्याचेही गुण बाकीच्यांसारखेच काढायचे आणि शिफारस मोहोरबंद पाकिटात ठेवायची. पण हे दोषारोपपत्र दिलेले असेल तेव्हाच. के. व्ही. जानकीरामन प्रकरणाच्या १९९१ च्या निकालानुसार प्राथमिक चौकशी चालू आहे एवढ्यावर पाकीट बंद करता येत नाही.

शिफारस

तक्त्याची बेरीज अशी येते:

| निकष | क्र. १ (ज्येष्ठ) | क्र. २ | क्र. ३ |
|---|---|---|---|
| अहवाल (५०) | ३६ | ४४ | ४० |
| साठा व हिशेब (३०) | २६ | २१ | २३ |
| परीक्षा (२०) | १२.४ | १५ | १६ |
| एकूण | ७४.४ | ८० | ७९ |

विनियमातले तत्त्व ज्येष्ठता-नि-गुणवत्ता असते, तर याच तक्त्यावर क्र. १ चे नाव आले असते, कारण तिघेही ६० च्या वर आहेत आणि तो ज्येष्ठ आहे. तत्त्व गुणवत्तेचे असल्याने क्र. २ पुढे आहे, फक्त एका गुणाने. आणि तो एक गुण अहवालांच्या रकान्यातून आला आहे, जिथे सढळ प्रतिवेदनाचा प्रश्न आहे. साठ्यात तो तिघांत मागे आहे, परीक्षेत क्र. ३ च्या मागे.

हे झाकू नका. पुष्कळ टिपण्या इथे 'एकंदर विचार करता' असे लिहून क्र. २ किंवा क्र. ३ चे नाव टाकतात. 'एकंदर विचार' हा निकष विनियमात नाही. शिफारस अशी लिहा:

'विहित निकषांनुसार उमेदवार क्र. २ यांचे प्रस्तावित गुण सर्वाधिक (८०) असल्याने त्यांची शिफारस करण्यात येत आहे. क्र. ३ यांचे गुण ७९ असून फरक एका गुणाचा आहे. क्र. २ यांची आघाडी अहवालांच्या निकषावर अवलंबून आहे; त्याबाबतची वस्तुस्थिती परिच्छेद ६ मध्ये आहे. समितीने अहवालांचे स्वतंत्र मूल्यांकन केल्यास क्रम बदलू शकतो. तसे केल्यास प्रत्येक उमेदवाराचे बदललेले गुण व कारण इतिवृत्तात नोंदवावे, ही विनंती.'

अशी टिपणी कमजोर दिसेल, नाव ठामपणे सांगितले नाही असे वरिष्ठ म्हणतील, ही भीती असते. ती चुकीची आहे. नाव सांगितले आहे. ते कशावर उभे आहे तेही सांगितले आहे. समितीने क्र. २ ला निवडले, तर तिने प्रश्न पाहून निवडले असे दिसते. क्र. ३ ला निवडले, तर कारण इतिवृत्तात येते. दोन्ही निर्णय टिकतात. क्र. ३ ला निवडायचे म्हणून मागाहून तफावतीची मोजपट्टी किंचित हलवणे, हे मात्र टिकत नाही, आणि एका गुणाच्या फरकात नेमका तोच दबाव येतो. मोजपट्टीवरची अध्यक्षांची आधीच्या तारखेची सही अशा वेळी उपयोगी पडते.

तुम्ही स्वतः तिघांपैकी कोणाचे प्रतिवेदन किंवा पुनर्विलोकन अधिकारी असाल, तर ते टिपणीच्या पहिल्याच पानावर लिहा आणि बेरीज दुसऱ्या अधिकाऱ्याकडून तपासून त्याची सही घ्या.

पाठवण्याआधी

तक्त्यातला प्रत्येक आकडा परिशिष्टाशी ताडून बघा, हे काम दुसऱ्या माणसाला द्या. नावांचे रकाने कागदाने झाकून टिपणी एकदा वाचा. एखाद्या वाक्यावरून ते कोणाबद्दल आहे हे आकड्यांशिवाय कळत असेल, तर त्यात निकषाबाहेरचे काहीतरी शिरले आहे, ते काढा. पानांना क्रमांक घाला, प्रत्येक पानावर सही करा, प्रती सदस्यांइतक्याच काढा आणि बैठकीनंतर मोजून परत घ्या. इतिवृत्ताचा मसुदा त्याच दिवशी सदस्यांपुढे ठेवा. बदललेले गुण दुसऱ्या दिवशी आठवून लिहायला बसलात, तर दोन सदस्यांना दोन वेगळे आकडे आठवतात.